विकलांचे अंश: गुरूच्या एका फोटोवरून

गच्चीवर काढलेल्या फोटोत तुम्ही गुरूची तबकडी मोजलीत आणि उत्तर आलं ४६.९ आर्कसेकंद. हे अंशांत किती? भागिले ३६००, म्हणजे ०.०१३०३ अंश. झालं.

खरं तर लेख इथेच संपायला हवा. पण मी ज्यांना ज्यांना हे दाखवलं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं उत्तर पहिल्या खेपेला चुकलं, आणि गंमत म्हणजे भागाकार कुणाचाच चुकला नव्हता. चूक एक तर भागाकाराच्या आधी झाली होती, म्हणजे हातातला आकडा मुळात आर्कसेकंदांचा नव्हताच. नाही तर नंतर, म्हणजे कॅल्क्युलेटरवर आलेलं उत्तर वाचताना किंवा पुढे वापरताना. म्हणून आपण एकच फोटो धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ.

फोटो १० जानेवारी २०२६ च्या रात्रीचा. त्या दिवशी गुरूची प्रतियुती होती, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता आणि आपल्यापासूनचं अंतर होतं सुमारे ६३ कोटी ३१ लाख किलोमीटर. दुर्बीण ६ इंची साधी डॉब्सोनियन, फोकल लेंथ १२०० मिलिमीटर. आयपीसच्या जागी छोटा कॅमेरा, त्याचा एक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. दुर्बिणीला मोटर नाही, त्यामुळे गुरू फ्रेमच्या एका कडेने येतो आणि मिनिटभरात दुसऱ्या कडेने निघून जातो. तेवढा व्हिडिओ पुरतो.

आधी एकक ओळखा

मराठीत आपल्याला या मापांसाठी जुने शब्द आहेत आणि पत्रिका पाहिलेल्या प्रत्येकाच्या ते कानावरून गेलेले आहेत: अंश, कला, विकला. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. विकला म्हणजेच आर्कसेकंद. मी पुढे विकलाच म्हणेन, आणि त्यामागे नुसतं भाषाप्रेम नाही. इंग्रजी नावात ‘सेकंद’ आहे आणि बहुतेक घोळ त्या एका शब्दाने होतो, कारण आकाशात घड्याळाचे सेकंदही वापरात असतात.

गो-टू दुर्बिणीचा हँड कंट्रोलर हातात घेऊन पाहा. ताऱ्याच्या जागेचे दोन आकडे दिसतात. एकात तास, मिनिटं, सेकंद असतात, ते विषुवांश. दुसऱ्यात अंश, कला, विकला असतात; ती क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर. दोन्हींत शेवटचा आकडा ० ते ५९ मधलाच असतो, दिसायलाही सारखा. पण विषुवांशातला एक सेकंद म्हणजे पंधरा विकला, कारण आकाश २४ तासांत ३६० अंश फिरतं, म्हणजे तासाला १५ अंश, मिनिटाला १५ कला, सेकंदाला १५ विकला. त्यात भर म्हणून विकलांची खूण (″) आणि सुतारकामातली इंचाची खूण एकच. वहीत घाईने लिहिलेलं ‘३.३″’ दुसऱ्या दिवशी वाचताना ते नक्की काय होतं, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. खुणेवर विसंबू नका; वहीत अक्षरांत ‘विकला’ किंवा ‘घड्याळाचे सेकंद’ असं लिहा.

हा फरक प्रत्यक्षात कुठे चावतो ते सांगतो. कॅमेरा नसलेले लोक गुरूचा व्यास घड्याळाने मोजतात. फुली असलेला आयपीस लावायचा, दुर्बीण स्थिर ठेवायची, गुरूला आपोआप सरकू द्यायचं. तबकडीची पुढची कड उभ्या रेघेला टेकली की घड्याळ चालू, मागची कड रेघेवरून सुटली की बंद. त्या रात्री हा वेळ सुमारे ३.३ सेकंद यायला हवा. आता कुणी हे ३.३ थेट ३६०० ने भागलं, तर उत्तर येतं ०.०००९ अंश. भागाकार अचूक, उत्तर निरर्थक. ३.३ विकला ही जवळपास युरेनसच्या तबकडीची मापं झाली, आणि युरेनस लहान दुर्बिणीतून जेमतेम ठिपक्याहून मोठा दिसतो. समोर पट्टे दिसणारा गुरू आहे आणि कागदावर युरेनस, तर एकक चुकलं हे तिथेच कळायला हवं.

बरोबर रीत अशी: घड्याळाच्या सेकंदांना आधी १५.०४ ने गुणायचं. (१५ ऐवजी १५.०४ कारण ताऱ्यांच्या हिशेबाने आकाशाची फेरी २४ तासांपेक्षा जवळपास चार मिनिटं आधी पूर्ण होते.) ३.३ गुणिले १५.०४ म्हणजे ४९.६. इथेही थांबायचं नाही. हा वेग खगोलीय विषुववृत्तावरचा आहे. ध्रुवतारा रात्रभर जवळजवळ जागचा हलत नाही, हे आपण पाहतोच. विषुववृत्तापासून जितकं दूर तितकं सरकणं मंद. म्हणून क्रांतीच्या कोसाइनने गुणायचं. गुरूची क्रांती त्या रात्री सुमारे +२२ अंश होती आणि २२ अंशांचा कोसाइन ०.९२७. उत्तर ४६.० विकला. हा आकडा आता खरोखर विकलांचा आहे, आता भागा ३६०० ने.

या पद्धतीची मर्यादा मात्र माहीत असू द्या. बोट घड्याळावर दाबायला एक दशांश सेकंद इकडे-तिकडे झाला, की उत्तर १.४ विकलांनी हलतं. एका मोजणीवर विश्वास ठेवू नका. दहा वेळा मोजा आणि सरासरी काढा.

पिक्सेलवरून विकला

फोटोवाल्यांचं काम थोडं सोपं. एक पिक्सेल आकाशाचा केवढा तुकडा पाहतो, हे काढलं की पुढे फक्त गुणाकार. त्यासाठी २०६२६५ हा आकडा पाठ करून ठेवा. एका रेडियनमध्ये इतक्या विकला असतात. पिक्सेलची रुंदी भागिले फोकल लेंथ, म्हणजे ०.००२९ मिलिमीटर भागिले १२०० मिलिमीटर, हा त्या पिक्सेलचा रेडियनमधला कोन; त्याला २०६२६५ ने गुणलं की विकला. उत्तर ०.४९८५, म्हणजे एका पिक्सेलला साधारण अर्धी विकला. मायक्रॉनचे मिलिमीटर करायला विसरलात तर उत्तर हजारपट येईल. एका पिक्सेलमध्ये ४९८ विकला! ती चूक लपत नाही.

आता फोटोत गुरूची रुंदी मोजायची. कोणत्या दिशेने मोजताय ते महत्त्वाचं आहे, कारण गुरू चांगलाच चपटा आहे: विषुववृत्ताशी व्यास १,४२,९८४ किलोमीटर, ध्रुवांकडून १,३३,७०८. फोटोतच फरक दिसतो. पट्ट्यांना समांतर मोजा, म्हणजे विषुववृत्तीय व्यास मिळेल.

माझ्या फोटोत तो ९४ पिक्सेल आला. पण ‘आला’ म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. फोटो मोठा करून पाहिलात तर गुरूची कड रेघेसारखी नसते. आतला उजळ पिवळसर रंग चार-पाच पिक्सेलांत हळूहळू काळा होत जातो. कड नेमकी कुठे धरायची? मी आतल्या उजेडाच्या निम्मा उजेड उरतो तो पिक्सेल दोन्ही बाजूंना धरतो. फोटो जास्त एक्स्पोज झाला असेल तर तबकडी फुगते, आणि मग कितीही काळजीपूर्वक मोजलं तरी दोन-तीन पिक्सेल जास्तच येतात. उपग्रह छान दिसावेत म्हणून एक्स्पोजर वाढवलेला फोटो मोजायला घेऊ नका. त्यासाठी वेगळा, जरा अंधुक व्हिडिओ काढा.

९४ गुणिले ०.४९८५ म्हणजे ४६.८६. तेच सुरुवातीचे ४६.९ विकला.

आता भागाकार, आणि त्यानंतरची शून्यं

४६.८६ भागिले ३६०० म्हणजे ०.०१३०१७ अंश. सुरुवातीचं ०.०१३०३ हे ४६.९ असं गोळाबेरीज करून मग भागल्यामुळे आलं होतं. फरक नगण्य आहे, पण मधल्या पायरीवर आकडा न छाटता शेवटी छाटावा हे बरं. ३६०० का? साठाने भागलं की कला होतात, पुन्हा साठाने भागलं की अंश. दोन पायऱ्यांनी केलंत तरी चालेल: ४६.८६ भागिले ६० म्हणजे ०.७८१ कला, पुन्हा भागिले ६० म्हणजे ०.०१३०१७ अंश. घोळ होतो तो पहिल्या पायरीवर थांबून ०.७८१ लाच अंश म्हटल्यामुळे.

ही चूक पकडायला चंद्र पुरतो. चंद्राची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची, म्हणजे जवळपास १८०० विकलांची. हात लांब करून करंगळी धरली तर ती साधारण एक अंश झाकते. पौर्णिमेचा चंद्र तिच्यामागे आरामात लपतो. गुरू ०.७८ अंशांचा असता तर तो दीड चंद्राएवढा दिसला असता आणि दुर्बीण विकत घ्यायची गरजच पडली नसती. कोणत्याही ग्रहाचं उत्तर अर्ध्या अंशाच्या आसपास आलं तर दुसरा भागाकार राहिलाय असं बेलाशक समजा.

दुसरा घोळ शून्यांचा. अंशांत लिहिलं की ग्रहांचे आकडे इतके बारीक होतात की दशांश चिन्हानंतर किती घरं ठेवायची हा खरा प्रश्न असतो. एक विकला म्हणजे ०.०००२७८ अंश. तुमचा कॅल्क्युलेटर दोनच घरं दाखवायला लावलेला असेल, तर गुरू ०.०१ अंश दिसेल. ते पुन्हा विकलांत नेलं की ३६. अकरा विकला गायब! तीन घरांनी ०.०१३, म्हणजे ४६.८, गुरूपुरतं चाललं, पण ते नशिबाने. विकलेच्या दहाव्या भागापर्यंत जपायचं असेल तर पाच घरं ठेवा. मी सहा ठेवतो आणि शेवटचं उडवतो.

आणि घातांकाचा सापळा. कॉलेजात वापरतात तो सायंटिफिक कॅल्क्युलेटर नेहमीच्या सेटिंगवर ०.०१ पेक्षा लहान आकडा सरळ दाखवत नाही. गुरूला हे जाणवत नाही, कारण तो ०.०१३ आहे. पण २० विकलांचा मंगळ घेतलात तर पडद्यावर उमटतं ५.५५५५ आणि उजवीकडे कोपऱ्यात बारीक अक्षरांत दहाचा उणे तिसरा घात. गच्चीवर लाल टॉर्चच्या उजेडात तो कोपरा दिसत नाही. माझ्या शेजारच्या मुलाने वहीत बेधडक ‘मंगळ ५.५ अंश’ लिहिलं होतं. करंगळी वर करून दाखवल्यावर तो स्वतःच हसला. खरं उत्तर ०.००५५६.

संगणकावर करणार असाल तर साधं ठेवा. `A2` मध्ये विकला, शेजारी अंश, त्याच्या शेजारी रेडियन:

```
B2:  =A2/3600
C2:  =RADIANS(B2)
```

काही जण हौसेने कप्प्यात `0:00:46.86` असं टाइप करतात, कारण अंश-कला-विकला तसेच लिहिलेले बरे वाटतात. स्प्रेडशीट त्याला कोन समजत नाही, घड्याळाची वेळ समजतो आणि आत दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतो: ०.०००५४. असं करायचंच असेल तर त्या कप्प्याला २४ ने गुणा आणि उत्तराच्या कप्प्याचा फॉरमॅट ‘नंबर’ करा, मग ०.०१३०१७ दिसेल. मी तरी हा द्राविडी प्राणायाम करत नाही.

अंश मिळाले, त्यांचं करायचं काय

बहुतेकांना अंश हवे असतात ते पुढे ग्रहाचा खरा आकार काढायला. अंतर गुणिले कोनाचा टॅन्जंट म्हणजे व्यास. कोन इतका लहान असताना टॅन्जंट आणि रेडियनमधला कोन एकच. ०.०१३०१७ अंश म्हणजे ०.०००२२७२ रेडियन. त्याला ६३ कोटी ३१ लाखांनी गुणलं की सुमारे १,४३,८०० किलोमीटर. पुस्तकातला आकडा १,४२,९८४. फरक एका टक्क्याहून कमी.

इथे शेवटचा खड्डा आहे. कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर असेल आणि तुम्ही त्यात अंशांचा आकडा टाकून टॅन्जंट घेतलात, तर उत्तर येतं ८२ लाख किलोमीटर, खऱ्याच्या ५७ पट. सूर्याचा व्यास जवळपास १३ लाख ९० हजार किलोमीटर आहे. गुरू सूर्याच्या सहापट निघाला, तर आधी पडद्यावरच्या कोपऱ्यातलं छोटं ‘D’ किंवा ‘R’ पाहा.

चाणाक्ष वाचक विचारेल, विकलांवरून थेट रेडियन मिळतात तर मध्ये अंशांचा थांबा कशाला? खरंच नको. ४६.८६ भागिले २०६२६५, गुणिले अंतर, की तेच उत्तर. मी स्वतः तसंच करतो. पण नकाशाच्या ॲपमध्ये दृष्टिक्षेत्र अंशांत असतं, आयपीसचं क्षेत्र अंशांत सांगतात, चंद्र अंशांत डोक्यात बसलेला असतो; तुलना करायला अंशच लागतात.

मोजपट्टी तपासून घ्या

वरचं सगळं गणित दुर्बिणीच्या नळीवर छापलेल्या ‘१२०० मिमी’ या आकड्यावर उभं आहे. तो छापील आकडा गोळाबेरीज असतो, आणि प्रतिमा मोठी करणारी बार्लो लेन्स लावलीत तर ‘२ पट’ म्हणजे नेमकं किती, हे कॅमेरा बार्लोपासून किती अंतरावर आहे त्यावर ठरतं. सप्तर्षीतली वसिष्ठ-अरुंधतीची जोडी त्यासाठी उत्तम. लग्नात दाखवतात तीच. दोघांमधलं अंतर सुमारे ११.८ कला, म्हणजे ७०८ विकला, म्हणजे ०.१९७ अंश. जानेवारीत पहाटे तीनच्या सुमारास ती ईशान्येला पुरेशी वर आलेली असते.

त्याच कॅमेऱ्याने, त्याच फोकसला, मध्ये काहीही न बदलता दोघांचा एक फोटो घ्या. वसिष्ठ दुर्बिणीत स्वतःच जोडतारा दिसतो, त्यातला ठळक तारा धरा. मला दोघांत १४२६ पिक्सेल मिळाले. तारे तिरके असतील तर आडवा फरक आणि उभा फरक यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं, पट्टी लावायची नाही. ७०८ भागिले १४२६ म्हणजे पिक्सेलला ०.४९६५ विकला, छापील फोकल लेंथने दिलेल्या ०.४९८५ पेक्षा थोडं कमी. नव्या मापाने गुरू ४६.६७ विकला, म्हणजे ०.०१२९६ अंश, आणि व्यास जवळपास १,४३,२५० किलोमीटर.

हे उत्तर पुस्तकाच्या फारच जवळ गेलं म्हणून हुरळून जाऊ नका. एक पिक्सेल इकडचा तिकडे धरला तर व्यास दीड हजार किलोमीटरने बदलतो आणि ती अंधुक कड एका पिक्सेलपर्यंत नक्की ठरवता येते असा दावा मी तरी करणार नाही. वहीत मी ‘०.०१३०, चूक ०.०००१५ च्या आसपास’ एवढंच लिहिलं.